बीपीचा आकडा आणि दंडाची उंची

बीपी मोजायचं मशीन आता अनेक घरांत असतं. पण ते वापरलं जातं कसं? दंडाला पट्टा गुंडाळून माणूस सोफ्यावर बसतो, हात मांडीवर नाहीतर बाजूला सोडतो आणि बटण दाबतो. आकडा चढा दिसला की मिठाला, सुनेला किंवा डॉक्टरांना दोष दिला जातो. हात कुठे होता, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

इमारतीच्या गच्चीवर टाकी असते. वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्याच्या नळाला पाण्याचा जोर जास्त असतो, कारण तिथे वरच्या पाण्याचा भार पडतो. शरीरातल्या रक्तालाही हाच नियम लागू आहे. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल, तर मशीन साधारण ७ ते ८ अंक जास्त दाखवतं. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे मोजून दाखवलं. हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सरासरी सुमारे ४ अंकांनी आणि बाजूला लोंबता सोडल्यास सुमारे साडेसहा अंकांनी चढा येतो.

म्हणून टेकायला पाठ असलेल्या खुर्चीवर बसावं. पावलं जमिनीवर सपाट असावीत आणि पायावर पाय नसावा. हात जेवणाच्या टेबलावर सैल टेकवावा. पट्ट्याचा मध्य छातीच्या हाडाच्या मध्याशी आला पाहिजे. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्यावी. हात स्वतःच्या जोराने वर धरून ठेवू नये, कारण स्नायू ताणले की बीपी वाढतं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधावा. वर सरकवलेली घट्ट बाही दंड आवळते, तेव्हा सैल कपडे घालावेत. बऱ्याच मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा. लहान पट्ट्यावर बीपी खोटंच जास्त दिसतं. सुरुवातीला एकदा दोन्ही हातांचं बीपी पाहावं आणि ज्या हाताचं जास्त येतं, तोच हात पुढे कायम ठेवावा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं शांत बसावं आणि मोजताना बोलू नये. सकाळी गोळी आणि नाश्ता यांच्या आधी, तसंच रात्री झोपण्यापूर्वी मोजावं. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी असं सलग सात दिवस केलं की पुरतं. रोज उठून मोजत बसायची गरज नसते.

समजा, बीपीची गोळी घेणाऱ्या एका ५८ वर्षांच्या बाईंनी आठवडाभर अशी नोंद केली. पहिल्या दिवशी धास्तीने आकडे चढतात, म्हणून तो दिवस वगळायचा. उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी आली १३२/८३. एका रात्री १५१ दिसलं होतं, पण निर्णय एका आकड्यावर नव्हे, सरासरीवर होतो. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर बीपी वाढलेलं समजतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० असते. याच बाई हात लोंबता सोडून मोजत राहिल्या असत्या, तर सरासरी १३८-१३९ च्या घरात गेली असती आणि गरज नसताना गोळीचा डोस वाढला असता.

आकडा १८०/१२० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजावं. तरीही तेवढाच राहिला आणि बाकी काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. मनाने जादा गोळी घेऊ नये, कारण बीपी एकदम घसरणंही घातक असतं. पण छातीत दुखणं, धाप, पाठीत अचानक तीव्र कळ, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला कमी होणं यांपैकी काहीही होत असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ घालवू नये. १०८ वर फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावं. ही लक्षणं असताना आकडा कमी दिसला, तरीही हेच करावं. गरोदर बाईला मात्र १४०/९० दिसलं तरी लगेच डॉक्टरांना कळवायला हवं.

बीपी ९०/६० च्या खाली जाऊन उभं राहताना चक्कर येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. नाडी अनियमित असेल तर ही मशीनं चुकू शकतात, म्हणून मशीनवर तशी खूण वारंवार उमटत असेल तर ईसीजीबद्दल विचारावं. आणि वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहावं.