वरच्या बाथरूमची गळती : उगम कसा शोधावा

सदनिकेच्या छतावर ओलीचा डाग दिसतो ती पाणी बाहेर पडण्याची जागा असते. ते जिथून शिरले ती जागा दुसरीच असू शकते. या दोन जागांमध्ये हातभराचे अंतर असेल किंवा अख्ख्या बाथरूमच्या लांबीचेही असेल. डागाच्या बरोबर वरची फरशी फोडूनही गळती थांबत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. उगम शोधायचा तर पाणी वर कसे वागते हे आधी समजून घ्यावे लागते, आणि मग एकेक शक्यता वेगळी करून तपासावी लागते.

महाराष्ट्रातील बहुतेक इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. ही खोली साधारण २०० ते ३०० मिलिमीटर असते. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर देतात, त्यात नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाईप बसवतात, उरलेली जागा विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरतात आणि वर फरशी घालतात. फरशीच्या सांध्यांतून किंवा पाईपमधून झिरपलेले पाणी या भरावात जमते. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर धड असेल तर ते स्लॅबमध्ये उतरत नाही. थराला कुठे तडा गेला, तर सगळीकडून आलेले पाणी त्या एकाच जागेतून खाली वाट काढते. भोक पडलेल्या परातीसारखी ही स्थिती असते : पाणी कुठेही ओता, गळणार भोकातूनच.

स्लॅबमधून उतरतानाही पाणी सरळ येईलच असे नाही. छतातील दिव्यासाठी टाकलेली वायरची नळी, पंख्याचा हूक, दोन वेळच्या काँक्रीटमधला सांधा या वाटा त्याला सोप्या पडतात. म्हणूनच बाथरूम एका कोपऱ्यात आणि पाणी शेजारच्या खोलीतील दिव्यातून, असे दृश्य दिसते. असे झाले तर त्या दिव्याचा विद्युतप्रवाह मुख्य बोर्डावरून बंद करणे हे पहिले काम. छताचा गिलावा फुगला असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा तपकिरी ओघळ दिसत असतील, तर आतील सळया गंजू लागल्याची शक्यता असते. सैल गिलावा कोसळण्याआधी तो काढून घ्यावा लागतो.

बाथरूममधील पाण्याचे उगम तीन गटांत मोडतात. पहिला गट नळाच्या पाईपचा. गच्चीवरच्या टाकीतून येणारा हा पाईप भिंतीत गाडलेला असतो आणि टाकीत पाणी असेपर्यंत त्यात दाब असतो. दर दहा मीटर उंचीमागे हा दाब सुमारे एक किलोने वाढतो. त्यामुळे त्यातली गळती कोणी पाणी वापरो वा न वापरो, दिवसरात्र चालू राहते. दुसरा गट सांडपाण्याचा : नहाणी ट्रॅप, बेसिनचा पाईप, कमोडचा सांधा. यांतून पाणी फक्त वापराच्या वेळी जाते. तिसरा गट पृष्ठभागाचा : फरशीचे सांधे, भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा, नहाणीच्या जाळीभोवतीची कड. इथून पाणी शिरते ते फरशी ओली झाल्यावरच.

या फरकावरून एक सोपा निष्कर्ष निघतो : सतत ठिबकत असेल तर नळाचा पाईप, सकाळी आंघोळीच्या वेळीच ठिबकत असेल तर सांडपाणी किंवा फरशी. हा निष्कर्ष अनेकदा खरा ठरतो, पण त्यात एक मोठी फसगत आहे. विटांच्या तुकड्यांचा भराव पाणी साठवून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. सकाळच्या तासाभरात शिरलेले पाणी दिवसभर आणि रात्रभर ठिबकू शकते. म्हणून ठिबक रात्री थांबत नाही एवढ्यावरून नळाचा पाईप दोषी ठरवता येत नाही. भराव निथळू देणे आणि मगच चाचण्या सुरू करणे, हा या शोधाचा पाया आहे.

त्याआधी खालच्या घरात दोन-तीन दिवसांची नोंद ठेवावी. डागाची कड पेन्सिलीने आखून तारीख लिहावी, ठिबक असेल तर खाली भांडे ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी मोजावे. पावसाळा असेल तर पाऊस कधी पडला तेही लिहावे. पावसामागोमाग डाग वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा डक्ट आधी तपासावे लागते. पाण्याला साबणाचा किंवा घाणेरडा वास येत असेल तर सांडपाण्याचा संशय बळावतो. छतावर साचलेला पांढरा खार मात्र उगम सांगत नाही. पाणी काँक्रीटमधून बऱ्याच काळापासून झिरपत आहे, एवढेच तो सांगतो.

तपासाची सगळी पद्धत एका उदाहरणातून स्पष्ट होईल. समजा, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमबाहेरील पॅसेजच्या छतातून पाणी ठिबकते आहे. भांड्यात रात्रीच्या आठ तासांत जवळपास अर्धा लिटर पाणी जमते, दिवसा थोडे जास्त. ठिबक अखंड असल्याने नळाचा पाईप फुटल्याचे अनुमान निघते आणि भिंतीच्या टाइल्स फोडण्याची तयारी होते. त्याऐवजी तिसऱ्या मजल्यावरचे ते बाथरूम पूर्ण बंद ठेवले जाते. त्याचा पाणीपुरवठ्याचा कॉक बंद, फ्लशची टाकी रिकामी, फरशी कोरडी. दुसऱ्या दिवशी ठिबक कमी होते, चौथ्या दिवशी थांबते. म्हणजे उगम याच बाथरूममध्ये आहे. ठिबक तशीच चालू राहिली असती, तर डक्टमधला सामाईक पाईप, शेजारची सदनिका किंवा चौथा मजला याकडे वळावे लागले असते.

आता पहिली चाचणी नळाच्या पाईपची. पुरवठ्याचा कॉक उघडायचा, पण एकही नळ वापरायचा नाही. पाईपमध्ये दाब असेल, फरशी कोरडी असेल. अशा स्थितीत दोन दिवस वाट पाहिली जाते आणि छत कोरडेच राहते. याची खात्री प्लंबरच्या हातपंपाने करता येते. नळांच्या जागी बूच लावून पाईपमध्ये पाणी दाबून भरतात आणि काटा खाली येतो का ते पाहतात. गिझरमुळे गरम आणि थंड पाण्याचे पाईप वेगळे असल्याने दोन्हींची चाचणी वेगवेगळी घ्यावी लागते. जुन्या गंजलेल्या लोखंडी पाईपवर फार दाब देऊ नये, नाहीतर चाचणीच नवी गळती निर्माण करते. या उदाहरणात दोन्ही पाईपचा काटा स्थिर राहतो.

दुसरी चाचणी सांडपाण्याची. नहाणीची जाळी काढून ट्रॅपच्या आत नळी सोडली जाते आणि फरशीला थेंबही लागू न देता पाच-सहा बादल्या पाणी ओतले जाते. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला जातो. बेसिन आणि फ्लशची चाचणी याच रीतीने, पण वेगळ्या दिवशी होते. रंगीत पाणी खाली उतरले तर उगम सापडला. रंग दिसला नाही म्हणून मात्र तो मार्ग निर्दोष ठरत नाही, कारण भरावातून जाताना रंग विटांत शोषला जातो. ठिबक सुरू झाली की नाही, हाच खरा निकष. उदाहरणातील छत दोन दिवसांनंतरही कोरडे आहे.

उरली फरशी. नहाणीच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवून, दाराशी छोटा बांध घालून, फरशीवर सुमारे २५ मिलिमीटर पाणी उभे केले जाते आणि भिंतीवर पातळीची खूण केली जाते. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवून तिच्यावरही खूण करतात, म्हणजे वाफ होऊन किती पाणी गेले ते कळते. बाथरूम १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर लांब असेल, तर पातळी एक मिलिमीटर उतरणे म्हणजे दोन लिटरहून थोडे जास्त पाणी जाणे. चोवीस तासांत बादलीतील पातळी जेमतेम दोन मिलिमीटर उतरते, फरशीवरची पाच. म्हणजे साडेसहा लिटरच्या आसपास पाणी फरशीखाली गेले. त्यातले बरेचसे भरावात मुरते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली ठिबक सुरू होते. पातळी उतरण्याचे कारण सैल बूच असू शकते, त्यामुळे ठिबक दिसल्याशिवाय नुसत्या पातळीवरून निकाल देऊ नये.

आता फरशीवरची नेमकी जागा. पाणी काढून, पुन्हा काही दिवस भराव निथळू देऊन, नहाणीच्या जाळीभोवती वीतभर अंतरावर पुट्टीचे गोल कडे केले जाते. आधी कड्याबाहेर पाणी उभे केले जाते, छत कोरडे राहते. मग फक्त कड्याच्या आत पाणी भरले जाते आणि दीड दिवसात ठिबक सुरू होते. दोष जाळीच्या कडेला, म्हणजे ट्रॅप आणि फरशी यांच्या सांध्यात आहे. हा सांधा नेहमी ओला असतो, त्यामुळे तो कमकुवत होणे अगदी सामान्य आहे.

बाजारात गळती शोधण्यासाठी थर्मल कॅमेरा आणि ओलावामापकही वापरतात. कॅमेरा पाणी पाहत नाही, तापमानातला फरक पाहतो. गरम पाणी सोडून लगेच पाहिले तर गरम पाण्याचा पाईप किंवा ओली जागा उठून दिसते, पण पाणी आणि स्लॅब एकाच तापमानाला आले की चित्र पुसट होते. ओलावामापक भिंतीतून वीज किती सहज वाहते ते मोजतो, त्यामुळे खार असलेली कोरडी भिंतही तो ओली दाखवू शकतो. ही साधने शोधाचे क्षेत्र कमी करतात. उगमाचा पुरावा मात्र एकेक मार्ग उघडून केलेल्या चाचणीतूनच मिळतो.

कधीकधी दोन उगम एकाच वेळी असतात. एक बंद केल्यावर ठिबक कमी होते, पण थांबत नाही. म्हणून एक दोष सापडल्यावरही उरलेल्या चाचण्या पूर्ण कराव्यात. खर्चाचा प्रश्नही यावरच सुटतो : गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाईप आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीकडे असते, बाथरूममधील अंतर्गत गळतीची त्या सभासदाकडे. चाचण्यांच्या तारखा आणि नोंदी लेखी असल्या तर वाद लांबत नाही.

उदाहरणातील दुरुस्ती लहान आहे. जाळीभोवतीचा सैल माल खरवडून, जागा वाळवून सांधा इपॉक्सीने भरायचा. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर तुटलेला आहेच, तो यामुळे सुधारत नाही. पण वरून पाणी जाणेच बंद झाले, तर खाली उतरायला काही उरत नाही. फरशीचे सांधे अनेक ठिकाणी गळत असते, तर भराव काढून सगळे वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागले असते. दुरुस्तीनंतर ज्या चाचणीने ठिबक सुरू झाली होती तीच पुन्हा घ्यावी. कड्याच्या आत तीन दिवस पाणी उभे राहूनही छत कोरडे राहिले, तर काम झाले असे समजावे. खालच्या छताचा गिलावा आणि रंग त्यानंतर, स्लॅब पूर्ण वाळल्यावरच करावा. ओल्या स्लॅबवर दिलेल्या रंगाला पुन्हा पोपडे येतात आणि गळती थांबली की नाही हे ओळखणे अवघड होते.