ताट भरलेलं, तरी वजन उतरतंय

साठीचे एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. स्वादुपिंडाचा कॅन्सर, केमोथेरपी सुरू. सहा महिन्यांपूर्वी वजन 68 किलो होतं, आता 61. घरात तुपातला शिरा होतो, दुधात बदाम पडतात, बायको ताटाशी बसून "अजून दोन घास घ्या" म्हणते. ते खातातही. तरी पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं आणि खुर्चीतून उठताना हातांवर जोर द्यावा लागतो.

घरच्यांना वाटतं, खाणं कमी पडतंय.

68 तले 7 किलो म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टर 'कॅचेक्सिया'चा विचार करतात. ही साधी उपासमार नव्हे. उपाशी माणसाचं शरीर चरबी वापरतं, स्नायू जमेल तितके राखतं आणि अन्न मिळालं की पुन्हा भरतं. इथे गाठ आणि तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्ती अशी रसायनं सोडतात की स्नायूंमधली प्रथिनं बनतात कमी आणि तुटतात जास्त. तीच रसायनं मेंदूपर्यंत पोचून भूक मारतात. काही केमो औषधंही मळमळ आणतात आणि स्नायू झिजवतात. म्हणून पोटात गेलेले जादा उष्मांक स्नायूंत उतरतीलच असं नाही.

या गृहस्थांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांचं शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारं असतं. स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात पुरेसे पोचत नसल्याची ही खूण. अशा वेळी तूप वाढवलं तर तेही न पचता बाहेर पडतं. डॉक्टरांनी दिलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणासोबतच घ्याव्या लागतात. तोंडातले फोड, उलट्या, बद्धकोष्ठता यांवरही आधी उपाय हवा.

आहार महत्त्वाचाच, पण थोडा थोडा आणि प्रथिनांचा. दिवसाला किलोमागे एक ते दीड ग्रॅम, म्हणजे 61 किलोला साधारण 60 ते 90 ग्रॅम. अंडी, दही, पनीर, मासे, डाळी यांतून ते साधता येतं. सोबत झेपेल तेवढं चालणं आणि हलका व्यायाम हवा, कारण काम मिळाल्याशिवाय स्नायू टिकत नाहीत.

औषधांचाही शोध सुरू आहे. पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये 124 रुग्णांवर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. केमोसोबत रोज 2.5 मिलिग्रॅम ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी 60 टक्के रुग्णांचं वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढलं, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फक्त 9 टक्के. हे मनानं घ्यायचं औषध मात्र नाही.

दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. पाय किंवा पोट सुजलं असेल तर काटा फसवतो, हेही लक्षात ठेवा. वजन उतरतंय असं दिसलं की पुढच्या केमोची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. आणि ताटात दोन घास उरले, तर रुग्णाला रागावू नका.