न बोलता झालेली भेट

मागच्या भागात आपण लघुपटाची गोष्ट ठरवली : रुसून गेलेली मुलगी बऱ्याच काळाने आईकडे येते. आज ती एकही संवाद न घालता कागदावर कशी उतरवायची ते पाहू.

नियम एकच. कॅमेऱ्याला दिसेल आणि कानाला ऐकू येईल तेवढंच लिहायचं. ‘आईला लेकीची फार आठवण येते’ हे वाक्य कॅमेऱ्याला दिसत नाही. मग आठवण दाखवायची कशी? त्यासाठी घरातली एक वस्तू निवडायची. आपण जातं घेऊ, कारण ते दोघींना समोरासमोर बसून ओढता येतं.

पहिलं दृश्य. घरात, सकाळ. आई एकटीच दळते आहे. समोरच्या पाटावर धूळ साचली आहे. आई दमते, हात बदलते, पुन्हा ओढू लागते.

दुसरं दृश्य. दाराबाहेर, तीच सकाळ. हातात पिशवी घेतलेली मुलगी उभी आहे. आतून जात्याची घरघर येते. ती चपला काढते, पुन्हा पायात घालते, पुन्हा काढते.

तिसरं दृश्य. घरात. जात्यावर सावली पडते. घरघर थांबते. आई वर बघत नाही. थोड्या वेळाने ती पदराने समोरचा पाट पुसते. मुलगी येऊन बसते. खुंट्यावर आईच्या हाताशेजारी दुसरा हात येतो. जातं फिरू लागतं.

धुळीवरून किती दिवस गेले ते कळलं, चपलांवरून मुलीची भीती कळली आणि पाट पुसण्यातून आईची माफी कळली. पाटावरची धूळ पहिल्या दृश्यात दाखवली नसती, तर शेवटी तो पुसण्याला अर्थच उरला नसता.

चार्ली चॅप्लिनच्या १९३१ सालच्या ‘सिटी लाइट्स’मध्येही शेवटची ओळख हातानेच पटते. पूर्वी आंधळी असलेली फुलवाली आता डोळस झाली आहे. समोरच्या फाटक्या माणसाच्या हातावर ती नाणं ठेवते आणि त्या स्पर्शाने आपला उपकारकर्ता ओळखते. तिथे मोजकी वाक्यं पडद्यावर लिहून येतात, पण ती नसती तरी भेट समजली असती.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे धावत येऊन मिठी आणि रडणं. त्यात या दोघींचं असं वेगळं काही राहत नाही. दुसरी म्हणजे भांडणाचं कारणही चित्रांतून सांगायचा हट्ट. जमिनीचा वाद की लग्नाचा, हे हातवाऱ्यांनी सांगायला गेलं की नाटकी होतं. ते सोडून द्या. रुसवा होता एवढं पुरतं.

लिहून झालं की गटातल्या गोष्ट माहीत नसलेल्या बाईला वाचून दाखवा. काहीही समजावू नका. ‘कोण आलं? आईने काय केलं?’ एवढंच विचारा. ‘पाट पुसला म्हणजे बस म्हणाली,’ असं ती म्हणाली, तर पटकथा जमली. नाही म्हणाली, तर संवाद घालू नका. पाट आधी नीट दिसला का, ते तपासा.