गर्भाशयाची पिशवी काढणं आणि विम्याची दोन घड्याळं

मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा होता. "डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली आहे, विमा आहे, पण कंपनी म्हणते अजून मुदत झालेली नाही. असं कसं?" आज आपण एवढाच एक प्रश्न घेऊ या. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठी, आणि त्यासाठी होणारी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया. विमा याचे पैसे कधी देतो आणि कधी नाही, ते एका उदाहरणातून पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. बाजारात 'खास महिलांसाठी' म्हणून ज्या पॉलिसी विकल्या जातात, त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. एक प्रकार गंभीर आजाराच्या पॉलिसीचा. यादीतल्या एखाद्या आजाराचं निदान झालं की ठरलेली रक्कम हातात मिळते, हॉस्पिटलचं बिल कितीही असो. ही यादी नीट वाचली तर त्यात स्तनाचा, गर्भाशयाचा, बीजकोशाचा कर्करोग अशी नावं दिसतात. फायब्रॉइड ही साधी गाठ आहे, त्यामुळे ती सहसा या यादीत बसत नाही. गाठ सात सेंटिमीटरची असो, हिमोग्लोबिन सातवर आलेलं असो, तिथून एक रुपया येत नाही. दुसरा प्रकार हॉस्पिटलचं बिल भरून देणाऱ्या पॉलिसीचा. फायब्रॉइडसाठी उपयोगाची असते ती ही. पण इथेही पॉलिसीच्या नावात 'महिला' आहे म्हणून पिशवीची शस्त्रक्रिया पहिल्या दिवसापासून मिळेल, असं गृहीत धरू नका. प्रतीक्षा कालावधी, म्हणजे वेटिंग पिरियड, इथेही असतो.

तो का असतो? पिशवी काढणं हे बहुतेक वेळा ठरवून केलं जाणारं ऑपरेशन आहे. अपघातासारखं ते अचानक येत नाही. उद्या कोणी आज पॉलिसी घेतली, पुढच्या महिन्यात ऑपरेशन केलं आणि पुढच्या वर्षी हप्ताच भरला नाही, तर बाकीच्यांच्या हप्त्यातून तो खर्च निघणार. म्हणून मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांच्या रांगेत पिशवीचं ऑपरेशनही बसवलेलं असतं. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांची सारखी असलेली पॉलिसी घ्या. त्यात ही मुदत २४ महिन्यांची आहे. नियमाप्रमाणे आता कोणतीही कंपनी यासाठी ३६ महिन्यांपेक्षा जास्त थांबवू शकत नाही.

आता मुद्द्याचं. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही, ते बाजूला ठेवू. त्यानंतर फायब्रॉइडच्या बाबतीत दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. पहिलं, यादीतल्या आजारांचं. पॉलिसीच्या कागदात ते Excl02 या क्रमांकाखाली सापडेल. दुसरं, आधीपासून असलेल्या आजाराचं, ते Excl01 खाली. हे जास्तीत जास्त ३६ महिन्यांचं. तुमचा आजार दोन्हीत बसत असेल, तर ज्या घड्याळाची मुदत मोठी, ती लागू. बहुतेक नाकारलेले क्लेम हे एक वाक्य न वाचल्यामुळे घरी धक्का देऊन जातात.

Excl02 ची यादी वाचताना फक्त पिशवी काढणं हा शब्द शोधून थांबू नका. "पिशवी नाही काढत, नुसती गाठ काढतो, मग तर मिळेल ना?" असं आम्हाला विचारतात. बहुतेक पॉलिसींत त्याच यादीत 'सर्व प्रकारच्या साध्या गाठी, सिस्ट आणि पॉलिप' असंही लिहिलेलं असतं. काहींत एंडोमेट्रिओसिस, अंग बाहेर येणं, अति रक्तस्राव हेही वेगळे लिहिलेले असतात. म्हणजे ऑपरेशनचं नाव बदललं म्हणून घड्याळ बदलत नाही. आणखी एक. यादीतला आजार पॉलिसी घेतल्यानंतर नव्याने झाला असला, तरी ही मुदत लागतेच. "मला तर तेव्हा काहीच नव्हतं" हे इथे चालत नाही. मात्र पिशवी कर्करोगामुळे काढावी लागली, तर बऱ्याच पॉलिसींत ही अट लागत नाही. तिथे बायोप्सीचा रिपोर्ट हा निर्णायक कागद ठरतो.

आता उदाहरण. समजा एक शिक्षिका आहेत, वय ४४. त्यांनी १ जून २०२४ ला एक लाखाची पॉलिसी घेतली. यादीच्या आजारांसाठी मुदत २४ महिने, आधीच्या आजारांसाठी ३६. पुढच्या वर्षी, १ जून २०२५ ला नूतनीकरण करताना, त्यांनी विमा रक्कम पाच लाख केली. सोयीसाठी बोनस वगैरे मोजत नाही. त्यानंतर पाळीत फार रक्त जाऊ लागलं, सोनोग्राफी झाली, गाठ निघाली. सप्टेंबर २०२६ मध्ये ऑपरेशन. बिल १ लाख ८० हजार.

बाई म्हणतात, "दोन वर्षं तर मे २०२६ मध्येच संपली. पॉलिसी पाच लाखांची, बिल पावणेदोन लाखांच्या आसपास. मग अडचण काय?" अडचण अशी की विमा रक्कम वाढवली की वाढलेल्या रकमेपुरतं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. पहिल्या एक लाखाची मुदत ३१ मे २०२६ ला संपली. वरच्या चार लाखांची संपणार ३१ मे २०२७ ला. म्हणून सप्टेंबर २०२६ च्या बिलावर मिळणार एक लाख. ऐंशी हजार घरातून. हेच ऑपरेशन जून २०२७ मध्ये झालं असतं, तर बाकीच्या अटींत बसणारं सगळं बिल मिळालं असतं.

आता याच उदाहरणात एक कागद घालू. समजा पॉलिसी घेण्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पोट दुखतं म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली होती. रिपोर्टमध्ये तीन सेंटिमीटरची गाठ लिहिलेली होती. डॉक्टर म्हणाले, काही करायला नको, सहा महिन्यांनी बघू. बाई विसरूनही गेल्या. पण पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेलं किंवा सल्ला, उपचार दिलेला आजार म्हणजे 'आधीपासूनचा आजार'. आता दुसरं घड्याळ चालू झालं आणि ते मोठं आहे. पहिल्या एक लाखासाठीही ३१ मे २०२७ पर्यंत थांबावं लागणार. सप्टेंबर २०२६ ला मिळणार शून्य. आणि हा रिपोर्ट प्रस्तावाच्या अर्जात लिहिला नसेल, तर माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द होण्याची वेळ येऊ शकते. अर्जात लिहिला असता, तर थांबावं लागलं असतं, पण पॉलिसी शाबूत राहिली असती.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि आम्ही पाहिलेल्या बऱ्याच भांडणांचं मूळ तिथे आहे. व्याख्येत डॉक्टरांचं निदान, सल्ला किंवा उपचार म्हटलंय. नुसता त्रास म्हटलेला नाही. पण ऑपरेशनच्या वेळी निवासी डॉक्टर विचारतात, "कधीपासून होतंय हे?" बाई सहज म्हणतात, "झाली की चार वर्षं." डिस्चार्ज कार्डावर एक ओळ पडते: चार वर्षांपासून रक्तस्राव. टीपीए ती ओळ वाचतो आणि आजार पॉलिसीच्या आधीचा ठरवून क्लेम परत करतो. म्हणून पूर्वेतिहास खरा सांगा, पण नेमका सांगा. पाळी थोडी जास्त जायला कधी लागली, ती न सहन होण्याइतकी कधी वाढली, डॉक्टरांकडे पहिल्यांदा कधी गेलात, गाठ पहिल्यांदा कोणत्या सोनोग्राफीत दिसली. या चार वेगळ्या तारखा आहेत. डॉक्टरांना तारीख बदलून लिहायला मात्र सांगू नका. ती फसवणूक होते, आणि जुन्या फाइलींतून ती सापडते.

आता 'महिला पॉलिसी'कडे परत येऊ. समजा कोणाकडे चार वर्षांची कुटुंबाची पॉलिसी आहे. एजंट म्हणतो, वहिनींसाठी खास पॉलिसी आलीय, जुनी सोडा, ही घ्या. नवी म्हणून घेतली आणि जुनी सोडली, तर दोन्ही घड्याळं शून्यावर. चार वर्षं वाया. तेच पोर्टिंग करून गेलात, तर जुन्या विमा रकमेपुरती झालेली मुदत तुमच्याबरोबर येते. त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि नवी कंपनी प्रकृती पाहून नाकारूही शकते. म्हणून नव्या कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत जुनी सोडायची नाही. हप्ता विसरून खंड पडला, तरी तोच शून्याचा आकडा.

मुदत संपायला तीन-चार महिने राहिले असतील तर थांबावं का, असंही विचारतात. हा प्रश्न विम्याचा नाही, डॉक्टरांचा आहे. त्यांना सरळ विचारा, औषधांवर इतके दिवस काढणं सुरक्षित आहे का? काहींच्या बाबतीत ते 'हो' म्हणतात. पाळी जायच्या वयाजवळ असलेल्यांच्या गाठी पुढे आकसतातही. पण हिमोग्लोबिन घसरत असेल, रक्त चढवावं लागत असेल, तर ऐंशी हजार वाचवायला थांबायचं नसतं. सरकारी रुग्णालयातलं ऑपरेशन हा पर्याय तेव्हा विचारात घ्या.

आणि क्लेम नाकारला तर? पत्रात कोणत्या कलमाखाली नाकारला ते आधी बघा. Excl02 लिहिलं असेल तर तारखा मोजा. मुदत खरंच बाकी असेल, तर भांडण्यात अर्थ नाही. Excl01 लिहिलं असेल, तर पॉलिसीच्या आधीचा कोणता निदानाचा किंवा उपचाराचा कागद तुमच्याकडे आहे, असं लेखी विचारा. डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीशिवाय त्यांच्याकडे काही नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

आज घरी गेलात की पॉलिसी काढा आणि मागच्या पानावर तीन तारखा लिहून ठेवा: पॉलिसी पहिल्यांदा कधी घेतली, रक्कम कधी वाढवली, आणि प्रत्येक रकमेची मुदत कधी संपते. प्रश्न असतील तर आता घेऊ.