ओले केस लांबी सांगत नाहीत

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या भाचीने न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून कर्टन बँग्ज कापले. कर्टन बँग्ज म्हणजे कपाळावरची अशी झुलपं, जी मधोमध भांग पडून खिडकीच्या पडद्यासारखी दोन्ही बाजूंना सरकतात. मध्ये आखूड, कडेला लांब आणि गालाजवळ बाकीच्या केसांत मिसळलेली. तिने नुकतेच केस धुतले होते. ओली बट विंचरून सरळ केली, गालाच्या हाडापर्यंत मोजली आणि कात्री चालवली. तासाभराने केस वाळले तेव्हा ती बट पापणीच्या जरा खाली येऊन थांबली होती. "मावशी, मी इतकं कापलंच नव्हतं," ती फोनवर म्हणत होती. तिचं म्हणणं खरं होतं. फसवलं होतं पाण्याने.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. गंधकाचे बंध पक्के असतात, पाण्याने ते सुटत नाहीत. केस मुळातच सरळ, लहरी की कुरळा, हे ठरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. हायड्रोजनचे बंध मात्र नाजूक असतात. पाणी आत शिरलं की ते सुटतात आणि केस वाळताना नव्याने जुळतात. म्हणून ओला केस मऊ पडतो, ताणला की सहज लांबतो. पाण्याच्या वजनाने आणि कंगव्याच्या ओढीने त्याची लहर सरळ होते. वाळताना बंध पुन्हा जुळतात, लहर परत येते आणि बट वर चढते. सरळ केसांत हा फरक किरकोळ असतो. लहरी केसांत तो चेहऱ्याची ठेवणच बदलून टाकतो.

हा फरक मोजता येतो. भाचीची कपाळावरची एक बट आम्ही ओली असताना विंचरून मोजली, तेव्हा ती १५ सेंटिमीटर भरली. तीच बट हात न लावता वाळू दिल्यावर १२ सेंटिमीटर झाली. म्हणजे आकुंचन २० टक्के. तिने ओल्या केसांवर १० सेंटिमीटर राखले होते, तर हिशेबाने ८ उरायला हवे होते. प्रत्यक्षात साडेसात उरले. हा अर्धा सेंटिमीटर वजनाचा. लांब बट स्वतःच्या भाराने खाली ओढली जाते, आखूड केली की तो भार जातो आणि लहर आणखी वर उसळते. म्हणून लांब केसांवर मोजलेलं आकुंचन आखूड बटेसाठी नेहमी थोडं कमीच धरलेलं असतं.

या वर्षी तिने पुन्हा कात्री हातात घेतली, तेव्हा केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि आपल्या नैसर्गिक लहरीत होते. ड्रायर किंवा स्ट्रेटनर लावला नव्हता. पहिलं काम भाग पाडण्याचं. कंगवा डोक्याच्या मधोमध, पुढून मागे असा आडवा टेकवायचा. डोकं पुढे कपाळाकडे उतरू लागतं, तिथे कंगवा आणि डोकं यांच्यात फट दिसते. फट सुरू होते तो त्रिकोणाचा मागचा बिंदू. भाचीच्या बाबतीत तो केसांच्या कडेपासून ४ सेंटिमीटर मागे आला. पुढचे दोन बिंदू केसांच्या कडेवर, दोन्ही भुवयांच्या कमानीच्या सरळ वर. हे तीन बिंदू कंगव्याच्या टोकाने जोडले की होणाऱ्या त्रिकोणातलेच केस कापायचे. बाकीचे सगळे मागे घेऊन क्लिपांनी घट्ट बांधायचे.

त्रिकोण मागे वाढवला तर झुलपं जड आणि जाड होतात. कानशिलाकडे पसरवला तर तिथले मुळातच विरळ असलेले केस कापले जातात आणि ते पुढे कित्येक महिने ना वेणीत बसतात ना अंबाड्यात. शंका असेल तेव्हा त्रिकोण लहान घ्यावा. चार केस नंतर त्यात घेता येतात.

आता लांबी. कपाळाच्या कडेपासून भुवईपर्यंत साधारण ६ सेंटिमीटर, नाकाच्या बुडापर्यंत १२ आणि हनुवटीपर्यंत १८, असे तिच्या चेहऱ्याचे तीन जवळपास सारखे भाग पडत होते. तिला सर्वांत आखूड बट गालाच्या हाडावर, म्हणजे १० सेंटिमीटरवर हवी होती. आम्ही त्यात अडीच सेंटिमीटर जादा धरले. म्हणजे पहिला काप साडेबारा सेंटिमीटरवर, वरच्या ओठाजवळ. तिथे बघून ती म्हणाली, "हे काही बँग्ज वाटत नाहीत." वाटूही नयेत. पहिल्या बैठकीत फक्त आकार पाडायचा असतो, लांबी ठरवायची नसते.

त्रिकोणातले सगळे केस नाकासमोर एकत्र आणून चिमटीत सैल धरायचे. ओढायचे नाहीत, कारण ओढलं की लहर सरळ होते आणि पुन्हा तीच चूक होते. मधल्या केसांना नाकासमोर यायला थोडंच अंतर लागतं, कडेच्या केसांना जास्त. म्हणून एकाच ठिकाणी कापूनही कडेचे केस आपल्या जागी परत गेल्यावर लांब राहतात. पडद्याचा उतार असा आपोआप मिळतो. कात्री केस कापायचीच हवी. कागद कापून बोथट झालेली कात्री केस दुमडते आणि टोकं वेडीवाकडी तुटतात. कात्री आडवी न धरता उभी धरून टोकांत लहान लहान चिमटे घ्यायचे. आडव्या कापाने लहरी केसांत ठळक रेघ उमटते.

मग केस धुवायचे, आपोआप वाळू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी आरशात पाहायचं. वजन कमी झाल्यामुळे साडेबारावर कापलेली बट आता साडेअकरावर आली होती. शिवाय कपाळाच्या डाव्या कडेला असलेल्या लहानशा भोवऱ्यामुळे तिची डावी बाजू उजवीपेक्षा वर बसत होती. पहिल्याच दिवशी पूर्ण कापलं असतं, तर हे कळलं तेव्हा हातात काहीच उरलं नसतं. दुसऱ्या बैठकीत उजवीकडे एक सेंटिमीटर घेतला, डावीकडे अर्धाच, आणि तेही अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने, प्रत्येक वेळी केस सोडून बघत.

दोन्ही बाजू सारख्या करताना बटा ताणून शेजारी शेजारी धरायच्या नाहीत. त्या चेहऱ्यावर सुटल्या की कुठे टेकतात ते बघायचं. ताणून सारख्या केलेल्या बटा सोडल्यावर पुन्हा वरखाली होतात, मग इकडून थोडं, तिकडून थोडं असं सुरू होतं. दोन मांजरांना लोण्याचा गोळा वाटून देणाऱ्या माकडाने शेवटी सगळं लोणी संपवलं, तसे अशाने केस संपतात. एका बैठकीत तीनदा जुळवून पाहिलं की कात्री खाली ठेवावी.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी आणखी अर्धा सेंटिमीटर राखावा. पावसाळी हवेतली आर्द्रता तेच नाजूक बंध सैल करते, लहर फुगते आणि कोरड्या दिवशी बेताची वाटलेली झुलपं पावसाच्या दिवशी भुवईकडे सरकतात.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. जादा ठेवलेले अडीच सेंटिमीटर कापायला पाच मिनिटं लागतात. तेच चुकून कापले गेले तर ते परत यायला अडीच महिने लागतात.