बाईंना माहीत नसलेली गोष्ट

शाळेतल्या सेवापूर्ती समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणं असतात आणि भाषणांतली विशेषणंही ठरलेली असतात: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, हाडाचे शिक्षक. अलीकडे त्यांच्या जोडीला आठ-दहा मिनिटांची चित्रफीतही दाखवतात. सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आठवणी जमवून ती केलेली असते. पण बहुतेक वेळा तिच्यातही तीच विशेषणं असतात. फोटो सरकत राहतात, मागे गाणं वाजतं आणि एकामागून एक माणसं येऊन ‘सर खूप छान शिकवायचे’ असं सांगून जातात. सरांना हे आधीच माहीत असतं आणि थोड्या वेळाने व्यासपीठावरूनही ते हेच ऐकणार असतात.

अशा चित्रफितीची संहिता लिहिणाऱ्याने प्रत्येक आठवणीपुढे एकच प्रश्न ठेवावा: ही गोष्ट सरांना किंवा बाईंना माहीत आहे का? आपल्या शिकवण्याचं पुढे काय झालं, हे शिक्षकाला फारसं कळत नाही. विद्यार्थी शाळा सोडून जातात आणि सहकारी एकमेकांच्या वर्गात बसत नाहीत. ज्याचं त्याने पाहिलेलं वेगवेगळ्या लोकांकडे पडून असतं. ते जुळवून ज्याचं त्याला दाखवणं हे संहितेचं खरं काम.

कामाला कधी लागायचं हे वेळापत्रक ठरवतं. राज्यातले शिक्षक वयाच्या 58व्या वर्षी, वाढदिवस असलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. वाढदिवस महिन्याच्या एक तारखेला असेल, तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख 1 जून लिहिली गेली, त्यामुळे बरेच शिक्षक 31 मे रोजी, ऐन सुट्टीत निवृत्त होतात. तेव्हा वर्ग रिकामे असतात आणि मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात. दहावीची मुलं तर मार्चपासूनच हाताला लागत नाहीत. म्हणून चालू वर्ग, घंटा, परिपाठ आणि मुलांचं बोलणं जानेवारी-फेब्रुवारीतच टिपून ठेवावं. माजी विद्यार्थी मागाहून भेटले तरी चालतं.

आठवणी मागताना ‘बाईंबद्दल दोन शब्द बोला’ असं म्हटलं, की समोरचा माणूस भाषणच करतो. प्रश्न प्रसंगाकडे नेणारा हवा. त्यांच्या तासाला तुम्ही कुठल्या बाकावर बसायचात? त्या रागावल्या की काय करायच्या? त्यांच्याकडून घेतलेली कोणती सवय आजही तुमच्याकडे आहे? सहकाऱ्यांना विचारावं, तुमचं त्यांच्याशी कशावरून वाजायचं? पहिलं उत्तर बहुधा गुळगुळीतच येतं. ते आलं, की ‘असं एकदा कधी झालं होतं?’ एवढंच विचारून गप्प बसावं. बोलणारा थोडा घुटमळतो, मग खरा प्रसंग सांगू लागतो. शिपाईमामा, लिपिक आणि रोज एकाच एसटीने ये-जा करणारे शिक्षक यांना विसरू नये. पहिल्या बाकावरच्या मुलांइतकंच शेवटच्या बाकावरच्यांनाही शोधावं. ज्यांना तो विषय कधीच जमला नाही त्यांच्या आठवणी विशेषणांपासून सर्वांत लांब असतात.

तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात गणिताच्या बाई निवृत्त होणार होत्या. वीसेक जणांशी बोलणं झालं, तीन-चार तासांचं ध्वनिमुद्रण जमलं. त्यातून आठ मिनिटं काढायची होती. ऐकता ऐकता प्रत्येक आठवण एकेका चिठ्ठीवर एका ओळीत लिहून काढली. मग त्या चिठ्ठ्या कोण बोललं त्यानुसार न लावता कशाबद्दल बोललं त्यानुसार लावल्या. माणसांनुसार लावल्या असत्या, तर आधी मुख्याध्यापक, मग शिक्षक, मग विद्यार्थी अशी मानाप्रमाणे रांग लागली असती. विषयानुसार लावल्यावर तीन चिठ्ठ्या शेजारी आल्या.

पहिली चिठ्ठी एका सहकाऱ्याची. ते हसत म्हणाले होते, “निकालपत्रक द्यायला बाई कायम शेवटच्या. आमचं सगळं त्यांच्यापायी अडायचं. कुरकुर करायचो आम्ही.” दुसरी शिपाईमामांची: “दिवे घालवायला जावं, तर बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलेल्याच. म्हणायच्या, मामा, एवढा एक होऊ दे.” तिसरी चिठ्ठी गावातल्या एका शिंप्याची. दहावीला गणितात तो नापास झाला होता. तो म्हणाला, “माझ्या पेपरावर बाईंनी फुली कधी मारली नाही. गणित जिथं चुकलं त्या पायरीला गोल करायच्या, तिथवरचे मार्क द्यायच्या. शर्ट बिघडला की अजून मी तसंच बघतो. सगळा उसवत नाही. कुठून चुकलं ते शोधतो.”

बाई उशीर का करायच्या हे सहकाऱ्यांना माहीत नव्हतं. मामांनी त्यांना बसलेलं पाहिलं होतं, पण त्या काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि त्या गोलाचं पुढे काय झालं हे खुद्द बाईंनाही कळलं नव्हतं. तिघांची आठवण एकाच कामाबद्दलची होती, म्हणून तोच संहितेचा धागा ठरला. सहली, स्नेहसंमेलनं, पुरस्कार हे सगळं त्याच्याभोवती थोडक्यात आलं.

संहितेच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे काय दिसतं आणि उजवीकडे काय ऐकू येतं ते लिहायचं. दोन्हीकडे एकच गोष्ट आली, तर एक बाजू वाया जाते. उत्तरपत्रिका पडद्यावर दिसत असताना ‘ही बाईंनी तपासलेली उत्तरपत्रिका’ असं सांगायची गरज नसते. या चित्रफितीतला मधला तुकडा असा लिहिला होता:

दृश्य: रिकामी स्टाफरूम, संध्याकाळ. टेबलावर पेपरांचा गठ्ठा.
आवाज: (सहकारी) “निकालपत्रक द्यायला बाई कायम शेवटच्या...”
दृश्य: शिपाईमामा व्हरांड्यातून चालत येतात, बटणाकडे हात नेतात.
आवाज: (मामा) “...म्हणायच्या, मामा, एवढा एक होऊ दे.”
दृश्य: उत्तरपत्रिकेचा जवळून फोटो. तिसऱ्या पायरीला गोल.
आवाज: निवेदन नाही. शिलाई मशीनचा आवाज सुरू होतो.
दृश्य: दुकानात शिंपी. हातात उसवलेली बाही.
आवाज: (शिंपी) “माझ्या पेपरावर बाईंनी फुली कधी मारली नाही...”

या तुकड्यात निवेदकाला एकही वाक्य नाही, कारण तिघांची वाक्यंच एकमेकांना उत्तर देतात. निवेदन लागतं ते बाई शाळेत कधी रुजू झाल्या, कोणते वर्ग शिकवले हे सांगायला. निवांत लयीत मराठी निवेदन मिनिटाला साधारण 110 शब्द होतं. म्हणजे आठ मिनिटांत सलग बोललं, तरी नऊशेच्या आतच शब्द बसतात. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ आठवणी सांगणाऱ्यांचा असतो आणि थोडा शांततेचा, म्हणून निवेदकाच्या वाट्याला दोनेकशे शब्द पुरतात. लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्याने वाचावं. जिथे श्वास अडकतो ते वाक्य मोडावं.

आठवणी एकमेकींशी जुळतातच असं नाही. गणित कोपऱ्याची पहिली सुरुवात आपल्याच तुकडीपासून झाली, असं तीन वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी तितक्याच खात्रीने सांगतात. अशा वेळी जनरल रजिस्टर, वार्षिकांक, जुनी निकालपत्रकं पाहावीत. निवेदकाच्या तोंडी फक्त नोंदीत सापडेल तेवढंच द्यावं. बाकीची आठवण ज्याची त्याच्याच तोंडी राहू द्यावी, म्हणजे ती त्याची आठवण म्हणूनच ऐकली जाते.

काही आठवणी गाळाव्या लागतात. ‘बाईंची छडी’ माजी विद्यार्थी मोठ्या कौतुकाने सांगतात, पण ती हसण्यावारी नेऊन पडद्यावर आणू नये. समोर आज शिकणारी मुलं बसलेली असतात आणि 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आहे. बाईंनी कुणाची फी भरली ही आठवण जवळपास प्रत्येक वेळी कुणीतरी सांगतं. ज्याची फी भरली तो स्वतः सांगायला तयार असेल तरच ती घ्यावी. दुसऱ्याने सांगितली, तर बाईंचा गौरव होतो, पण त्या मुलाची गरिबी भर सभेत मांडली जाते.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर होऊ शकतं. फोन आडवा धरावा, पंखा बंद करावा, बोलणाऱ्याच्या कॉलरला छोटा माइक लावावा. तो नसेल तर दुसरा फोन चित्रात दिसणार नाही असा त्याच्या जवळ ठेवून त्यावर आवाज घ्यावा. परगावच्या माजी विद्यार्थ्यांना व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. साधा पाठवला, तर त्याचा दर्जा उतरतो आणि मोठ्या पडद्यावर चेहरा धुरकट होतो. जुने फोटो काचेच्या चौकटीतून काढूनच स्कॅन करावेत. फोटो पडद्यावर चार-पाच सेकंद राहिला, तरच मागच्या रांगेतला चेहरा ओळखता येतो.

पण चित्रफितीचं सर्वांत जास्त नुकसान करतं ते संगीत. घरी हेडफोन लावून ऐकताना पार्श्वसंगीत गोड वाटतं. शाळेच्या सभागृहात भिंती उघड्या, पत्रा वर आणि कर्णे दोन. तिथे तेच संगीत बोलण्यावर चढतं आणि शिंप्याचा एक शब्दही कळत नाही. त्यामुळे माणूस बोलत असताना संगीत पूर्ण बंद ठेवावं. आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच कर्ण्यांवर चित्रफीत लावून शेवटच्या रांगेत बसून ऐकावी. शब्द कळला नाही, तर पडद्यावर तळाशी ओळी द्याव्यात. खिडक्यांना पडदे नसतील आणि समारंभ दुपारचा असेल, तर प्रोजेक्टरचं चित्र फिकट दिसतं, म्हणून मोठा टीव्ही परवडतो.

चित्रफीत बाईंच्या भाषणाच्या आधी दाखवावी आणि मध्ये दुसरं भाषण ठेवू नये. त्या हायस्कुलात बाईंनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि सहकाऱ्यांकडे वळून निकालपत्रकं उशिरा का व्हायची ते सांगितलं. फुली मारलेला पेपर मुलगा घडी करून दप्तरात ढकलतो, गोल केलेला पेपर तो उघडून बघतो, असं त्यांनी पहिल्याच वर्षी वर्गात पाहिलं होतं. ही गोष्ट त्या स्टाफरूममधल्या कुणालाच माहीत नव्हती. समारंभानंतर दोन तरुण शिक्षक त्यांच्याकडून त्या पेपरांपैकी एक मागून घेऊन गेले.