एका अंशाची किंमत एक्केचाळीस मायक्रोव्होल्ट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका पुरवठादाराला पाठवायचा हा मजकूर वाचून पाहा:

«नमस्कार. मला एकाच चिपवर बनवलेली एनपीएन ट्रान्झिस्टरची जोडी हवी आहे, MAT12, पाच नग. सुटे 2N3904 मोजून जुळवलेले चालणार नाहीत. सोबत 10 किलोओहमचे दोन-दोन रेझिस्टर एकाच पट्टीवर असलेले संच, आपसातलं गुणोत्तर 0.1 टक्क्याच्या आत आणि तापमानानुसार एकमेकांपासून ढळणं अंशामागे 5 पीपीएमपेक्षा जास्त नको. पर्यायी माल पाठवण्याआधी कृपया विचारा.»

दुकानदाराला हा माणूस फार चोखंदळ वाटेल. पण या माणसाला भट्टीचं तापमान मोजायचं आहे, थर्मोकपलने. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये एका अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणजे एका व्होल्टचा चोवीस हजारावा भाग. इतकासा दाब वाढवून दाखवणाऱ्या मंडलाच्या तोंडाशी दोन ट्रान्झिस्टर समोरासमोर बसतात आणि त्यांच्यातला फरकच पुढे जातो. दोघे अगदी सारखे असतील, तरच तो फरक थर्मोकपलचा म्हणता येईल.

आता गंमत बघा. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधला दाब दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतो. दोन सुटे ट्रान्झिस्टर शेजारी लावले आणि पंख्याच्या झुळुकीने एक दुसऱ्यापेक्षा अंशाच्या फक्त दहाव्या भागाने गार झाला, तरी 200 मायक्रोव्होल्टचा फरक पडतो. भट्टीत काहीच घडलेलं नसताना आकडा पाच अंशांनी सरकतो! दुकानदाराने मल्टिमीटरवर दोघांचा गेन कितीही काळजीपूर्वक जुळवला असला, तरी या सरकण्यावर त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

म्हणून «एकाच चिपवर». सिलिकॉनच्या त्याच कणावर, एकाच वेळी, एकाच भट्टीत दोघे तयार होतात आणि पुढे एकत्रच तापतात, एकत्रच निवतात. चिपच्या एका कडेला जरा जास्त उष्णता असेल, तर? त्यावर फार देखणी युक्ती आहे. अशा अनेक जोड्यांमध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टरचे दोन तुकडे करून ते चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवतात. उष्णता कुठल्याही बाजूने आली, तरी दोघांच्या वाट्याला सरासरी सारखीच येते. MAT12मध्येही दोघांत 200 मायक्रोव्होल्टपर्यंत फरक असू शकतो, पण तो जागच्या जागी राहतो. तापमानाबरोबर तो फारच थोडा हलतो, त्यामुळे एकदाच मोजून वजा करता येतो.

मग रेझिस्टरचा एवढा आग्रह कशाला? दोन्ही ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह जायचा, हे कलेक्टरवरचे दोन रेझिस्टर ठरवतात. ते एकमेकांपासून 1 टक्का वेगळे असले की प्रवाहही तितकेच वेगळे होतात आणि नेहमीच्या तापमानाला 260 मायक्रोव्होल्टची चूक येते, सहा अंशांहून जास्त. 0.1 टक्क्याला ती अर्ध्या अंशाहून थोडी जास्त उरते आणि हीसुद्धा एकदा शून्य करून टाकता येते. खरी अडचण पुढे आहे. दोन सुट्या रेझिस्टरचं तापमानाबरोबर बदलणं एकमेकांहून अंशामागे 100 पीपीएमने वेगळं असेल, तर सकाळ ते दुपार खोली 20 अंशांनी तापल्यावर 0.2 टक्क्यांचा फरक उगवतो. म्हणजे सव्वा अंशाची चूक, तीही शून्य करून ठेवल्यानंतर. 5 पीपीएम असेल, तर तीच चूक अंशाच्या सोळाव्या भागाएवढी उरते. मजकुरातला हा आकडा मला 0.1 टक्क्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दुकानदार मात्र बहुधा टक्क्यालाच उत्तर देतो, म्हणून पीपीएमचा आकडा स्वतंत्र लिहायलाच हवा.

आलेला माल खरा आहे का, हे टेबलावर कळतं. दोन्ही ट्रान्झिस्टरमधून सारखा प्रवाह सोडायचा, बेस-एमिटर दाबांमधला फरक मीटरवर लावायचा आणि आवरणाच्या एका कडेला बोट टेकवायचं. आत एकच चिप असेल, तर आकडा थोडा हलून थांबतो. एकाच डबीत दोन वेगळ्या चिपा बसवल्या असतील, तर तो कितीतरी जास्त पळतो. जुन्या, बंद झालेल्या जोड्यांच्या नावाने नवी छपाई करून विकलेला मालही पुष्कळदा याच परीक्षेत उघडा पडतो.

तरी एक मर्यादा उरते. अशा धातूच्या डबीचे पाय कोव्हार नावाच्या मिश्रधातूचे असतील, तर तांब्याच्या पट्टीला डाख दिलेला प्रत्येक सांधा स्वतःच एक थर्मोकपल होतो आणि त्याचा जोर जवळजवळ भट्टीतल्या थर्मोकपलएवढाच असतो. दोन बेसच्या पायांत एका अंशाचा फरक पडला की जोडी कितीही चोख असो, आकड्यातही जवळजवळ एका अंशाची चूक येते. म्हणून तापणारा रेग्युलेटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात, बेसचे दोन्ही सांधे शेजारी-शेजारी घेतात आणि वारा लागू नये म्हणून त्यांच्यावर झाकण बसवतात.